असआहे

आमचे हे गेले त्याच्या पुढच्या वर्षी त्यांच्या लॅपटॉपनंही मान टाकली. बटण दाबलं की एक हिरवा दिवा लागायचा, आत काहीतरी घरघरायचं आणि पुन्हा सगळं चिडीचूप. घरी येणारा प्रत्येक जण ते बटण आपल्या हातानं एकदा दाबून बघायचा, जणू माझ्या हातालाच गुण नव्हता. मग म्हणायचा, ‘‘मावशी, आता नवीन घ्या.’’ नवीन घ्यायला माझी ना नव्हती. पण माझ्या सगळ्या कविता त्या जुन्यात होत्या, दुसरीकडे कुठेच नव्हत्या.

हे असं कसं झालं, तर वाळवीमुळे. तेव्हा आम्ही सालवडला राहायचो. हे तारापूरच्या एका रसायनांच्या कारखान्यात ऑपरेटर होते आणि मी पालघरच्या शाळेत मराठी शिकवत होते. माझ्या वह्या कपाटाच्या खालच्या खणात असायच्या. एका दिवाळीला साफसफाई काढली तर वह्यांचे कोपरे भुग्यासारखे हातात आले. मी जमिनीवर बसून रडले. ह्यांनी मात्र वह्या उन्हात घातल्या आणि म्हणाले, ‘‘रडतेस कशाला? तू वाच, मी टाइप करतो. वाळवीला लॅपटॉप चावनार नाय.’’

कामगारांच्या संघटनेची पत्रकं तेच टाइप करत, त्यामुळे मराठी टायपिंगचा हात बसलेला होता. पाळी संपवून आले, अंघोळ झाली, की ते टेबलाशी बसायचे आणि मी वह्यांतून वाचायची. जिथं पान खाल्लेलं असेल तिथं आठवून सांगायची. अंघोळ केली तरी त्यांच्या हाताला कारखान्याचा वास राहायचाच, आणि त्या वासातच माझ्या सगळ्या कविता टाइप झाल्या. काम संपल्यावर वह्या जाळून टाकल्या, कारण वाळवी बाकीच्या पुस्तकांकडे निघाली होती.

हे किनाऱ्यावरचे, तारापूरच्या पलीकडच्या एका मच्छीमारांच्या गावातले. बोलणं त्या गावाचंच. आमी, तुमी, हाय, नाय. बोलण्याबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती, उलट लग्नच त्या बोलण्याशी केलं होतं म्हणा ना. पण मी ‘आहे’ म्हणून वाचलं की ह्यांची बोटं ‘हाय’ उमटवायची. मग मी पडद्यावर बोट ठेवून ओरडायची. ‘‘अहो, मी काय म्हटलं आणि तुम्ही काय लिहिलंत?’’ हे शांतपणे म्हणायचे, ‘‘कानाला आहे आयकू आला. हाताला हाय आयकू आला.’’ चूक पकडली गेली की असले विनोद करायची त्यांना भारी खोड होती.

बंद पडलेल्या लॅपटॉपमधून मला खरं तर एकच कविता हवी होती. बाकीच्या गेल्या असत्या तरी मी सोसलं असतं, कवी म्हणून माझं काही अडलेलं नव्हतं. ती एक कविता आमच्या मुलीवर होती.

आमची मुलगी बारशाच्या आधीच गेली. मी दवाखान्यात तापानं फणफणले होते. हे आणि त्यांचा भाऊ तिला गावी घेऊन गेले आणि समुद्राकाठच्या वाळूत पुरून आले. मी जागी झाले तेव्हा खाटेशेजारचा पाळणासुद्धा उचलून नेलेला होता. ह्यांनी माझ्या कपाळावर हात ठेवला, थोडा वेळ बसले आणि पाळीला निघून गेले. त्यानंतर आयुष्यभर त्या दिवसाबद्दल एक शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही. मला पुढे मूल झालं नाही. कोणी मुलीचं नाव विचारलंच तर मी सांगायची, बारसं झालं नव्हतं, नाव नाही. ह्यांच्या देखत कितीदा तरी सांगितलं असेल. हे तेव्हा काहीतरी निमित्त काढून उठून जायचे. त्यांच्या या न बोलण्याचा मला राग होता आणि तो त्यांच्याबरोबर गेला नाही, माझ्याजवळ घरातच राहिला.

त्या मुलीवर मी एकदाच लिहिलं होतं. ती कवितासुद्धा ह्यांनीच टाइप केली, मान खाली घालून, एक शब्द न बोलता. आता तिच्या पहिल्या दोन ओळी तेवढ्या मला येत होत्या.

तू आलीस तेव्हा खिडकीत ऊन होतं,
तू गेलीस तेव्हाही तेच ऊन.

पुढचं काही केल्या आठवत नव्हतं. भाजी निवडताना, देवापुढे बसले असताना या दोन ओळी यायच्या आणि तिसरीच्या उंबऱ्यावर थांबायच्या. दार वाजवून कोणी पळून जावं तसं रोज व्हायचं. मी दार उघडायची आणि बाहेर कोणी नसायचं. आईचंही शेवटी शेवटी असंच झालं होतं. माझ्या मुलीचं या जगात एवढंच होतं, एक कविता. तीही माझ्या डोक्यातून गेली तर ती पोर आलीच नव्हती असं झालं असतं.

शेवटी लॅपटॉप पिशवीत घातला आणि पालघरहून रिक्षानं बोईसर गाठलं. कोळगावची मोठमोठी सरकारी कार्यालयं मागे पडेपर्यंत मी पिशवी मांडीवरच धरली होती. बोईसरला जुन्या डिस्कमधला मजकूर काढून देणारा एक जण होता. पन्नाशीचा, उत्तरेकडून येऊन इथंच मुरलेला. तो हिंदी बोलायचा आणि मी त्याला हिंदीत उत्तर द्यायची. माझी हिंदी म्हणजे मराठीला टोपी घातलेली, असं आमचे हे म्हणत.

त्यानं लॅपटॉप उलटा केला, दोन स्क्रू काढले आणि हातात मावेल एवढी चपटी डबी बाहेर ओढली. ही हार्ड डिस्क. लॅपटॉप मेला तरी ही जिवंत असू शकते, असं तो म्हणाला. एका वायरनं त्यानं ती आपल्या कॉम्प्युटरला जोडली आणि कान लावून ऐकलं. टकटक आवाज येत असता तर आतली सुई गेली असं समजून त्यानं हात लावला नसता, मोठ्या प्रयोगशाळेत पाठवली असती. टकटक नव्हती. अधूनमधून घशात अडकल्यासारखा आवाज येई आणि पुन्हा घरघर सुरू होई.

मी म्हटलं, ‘‘अभी खोलके देखो ना.’’

‘‘नहीं मॅडम. मरीज से ज्यादा बात नहीं करवानी.’’

त्याचं म्हणणं असं की डिस्कचे काही तुकडे खराब झालेत. फायली उघडत बसलो तर ती पुन्हा पुन्हा त्याच खराब जागेवर डोकं आपटेल आणि जे चांगलं आहे तेही घालवेल. म्हणून आधी तिची हुबेहूब नक्कल दुसऱ्या डिस्कवर करायची, पहिल्या तुकड्यापासून शेवटच्या तुकड्यापर्यंत. फाईल कुठली, रिकामी जागा कुठली, काही बघायचं नाही. जो तुकडा वाचता येत नाही तो सोडून पुढे जायचं, सगळं चांगलं पदरात पडलं की मगच मागे येऊन सोडलेल्या जागा खरवडायच्या. मूळ डिस्कवर एक अक्षरही लिहायचं नाही. पुढचं सगळं काम नकलेवर करायचं. हे मला पटलं. वाळवीच्या वह्यांचं आम्हीही तेच केलं होतं, धड पानं आधी आणि खाल्लेली मागाहून.

नक्कल व्हायला काही दिवस लागले. त्या दिवसांत मला घरात घरघर ऐकू यायची. फ्रिज असेल, पंखा असेल, माझे कान असतील. पण मी मधूनच स्वयंपाक टाकून ह्यांच्या टेबलाजवळ जाऊन उभी राहायची. तिथं काही नव्हतं. मला भीती वाटली असं म्हणणार नाही. मला वाट बघितल्यासारखं वाटायचं, आणि ते भीतीपेक्षा वाईट होतं.

त्याचा फोन आला तो पडलेल्या आवाजात. फायली सापडल्या होत्या, पण डिस्कवरची यादी, म्हणजे कुठली फाईल कुठं ठेवलीय ते सांगणारा भाग, तोच खराब जागेत गेला होता. म्हणून त्यानं फायली त्यांच्या चेहऱ्यावरून शोधल्या. प्रत्येक जातीच्या फाईलची सुरुवात ठरलेल्या खुणेनं होते, ती खूण धरून त्याच्या प्रोग्रॅमनं सगळी नक्कल चाळली होती. फायली मिळाल्या पण नावं गेली, नावांच्या जागी नुसते आकडे. ‘‘और मॅडम, अंदर कचरा है,’’ तो म्हणाला.

मी जाऊन पाहिलं. पडद्यावर ओळीच्या ओळी होत्या, आणि त्यांत डोक्यावर दोन टिंबं दिलेले यू, टोप्या घातलेले ओ, मध्येच पौंडाचं चिन्ह, मध्येच उलटं प्रश्नचिन्ह. त्याला वाटलं डिस्कनं मजकूर चावून टाकला. मला मात्र हसूच आलं. हा कचरा माझ्या ओळखीचा होता. ह्यांनी एकदा माझी कविता एका दिवाळी अंकाला मेलनं पाठवली होती, तेव्हा संपादकांचा फोन आला होता की बाई, ही कोणती भाषा? त्या काळी मराठी टाइप व्हायचं ते इंग्रजी अक्षरांवर मराठीचा मुखवटा चढवून. आत इंग्रजी चिन्हंच साठवलेली, आणि तो ठरावीक फॉन्ट असेल तरच डोळ्यांना मराठी दिसायचं. हल्लीच्या मराठीत ‘क’ हा जगभर ‘क’च असतो, तेव्हाचं तसं नव्हतं.

मी म्हटलं, ‘‘कचरा नहीं है. कपडा नहीं है उसके अंग पर.’’

त्याला ते लगेच कळलं. फॉन्टही त्याच डिस्कवर असणार, आणि फॉन्टच्या फाईलचीही खूण असते. ती त्यानं शोधली, आपल्या कॉम्प्युटरवर बसवली, सगळा मजकूर निवडला आणि यादीतून तो फॉन्ट दाबला. पौंडाची चिन्हं आणि टोप्या एका क्षणात नाहीशा झाल्या आणि माझी पोलादी दातांच्या कारखान्यांवरची कविता समोर उभी राहिली. मी खुर्ची घट्ट धरली. ह्यांच्या हाताचा वास आला असं मी लिहिलं तर कोणी खरं मानणार नाही, पण आला.

आम्ही एकेक फाईल उघडत गेलो. कविता माझ्याच होत्या, पण त्यांत काहीतरी शिरलं होतं. मुंबईहून येणाऱ्या रस्त्यावरच्या कवितेत ‘आहेवे’ असा शब्द होता. ‘आहेवेवर रात्रीचे ट्रक’. होड्यांच्या कवितेत ‘नाहीलॉनचं जाळं’. आणि ‘असहाय’ हा माझा आवडता शब्द (‘असहाय्य’ नव्हे, पोरांना घसा फुटेपर्यंत सांगितलेला) तो जिथं जिथं होता तिथं ‘असआहे’. माझ्या ओळींत बसून कोणी वेडंवाकडं बोलतंय असं वाटलं.

दुकानदारानं मला तीन-चारदा त्या शब्दांचा अर्थ विचारला आणि म्हणाला, ‘‘किसीने रिप्लेस ऑल किया है.’’

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. माझी कटकट संपवायला ह्यांनी मशीनला सांगून टाकलं होतं, जिथं हाय दिसेल तिथं आहे कर, जिथं नाय दिसेल तिथं नाही कर. अख्खा शब्दच बदल, हे सांगायचं राहिलं. मशीननं हायवेतला हाय उचलला, नायलॉनमधला नाय उचलला. मी एवढी हसले की डोळ्यांना पदर लावावा लागला. नवरा मेल्यावरही मला चिडवत होता. ‘‘घे तुझा आहे,’’ म्हणत होता.

मुलीवरची कविता मात्र अजून कुठेच दिसेना. एक फाईल उघडतच नव्हती. दुकानदारानं दुसरा मार्ग काढला. टायपिंगच्या त्या प्रोग्रॅममध्ये एक सोय असते, फाईल मोडकी असली तरी तिच्या पोटात जेवढी म्हणून अक्षरं आहेत तेवढी ओरबाडून बाहेर काढायची. तसं केल्यावर मजकूर आला. फॉन्ट चढवला. ‘तू आलीस तेव्हा खिडकीत ऊन होतं, तू गेलीस तेव्हाही तेच ऊन.’ आणि पुढे पांढरं. तो भाग डिस्कच्या खराब जागेत होता, नकलेत तिथं नुसती शून्यं भरली गेली होती. तो मागे जाऊन पुन्हा पुन्हा खरवडत बसला, डिस्क पुन्हा जोडून तेवढाच भाग उलट्या दिशेनंही वाचून पाहिला. काहीच आलं नाही. जे मला येत होतं तेवढंच डिस्कला येत होतं.

राग कोणावर काढायचा तेच कळेना. उठावं, घरी जावं, असं म्हणत होते, तेवढ्यात तो म्हणाला की एक छोटी फाईल बघायची राहिलीय. त्यानं ती उघडली.

आम्ही वाळू दोन्ही हातांनी लोटली.
भरती यायची होती, आम्ही घाई केली.
बाळ, तुझ्याकडे शाल आहे, दूध नाही.
असआहे बाप घरी काय घेऊन जाणार आहे.

ही कविता मी लिहिलेली नव्हती. आधी वाटलं, लिहिली असेन आणि आईसारखी विसरले असेन. शब्द माझे वाटत होते, ‘असहाय’ तर माझाच. पण वाळू लोटताना मी तिथं नव्हते. भरती यायची होती हे मला कोणी सांगितलं नव्हतं. शाल होती हेही मला आजवर माहीत नव्हतं. तिथं एकच बाप होता.

‘‘इसका भी पेट निकालो,’’ मी त्याला म्हटलं. का म्हटलं ते मला आज सांगता येत नाही. फाईल तर धड होती, उघडलेली होती.

त्यानं तीही तशीच ओरबाडून काढली. पडद्यावर पुन्हा टोप्या आणि टिंबं आली, पण दिसत होतं त्यापेक्षा जास्त. तो म्हणाला, जुन्या प्रोग्रॅममध्ये पटकन सेव्ह व्हावं म्हणून एक युक्ती होती. तुम्ही काही बदललं की सगळी फाईल नव्यानं लिहायची नाही, जुना मजकूर तसाच ठेवायचा, नवे शब्द शेवटी चिकटवायचे आणि वाचताना कुठला शब्द कुठं घ्यायचा याची नोंद करायची. पडद्यावर खोडलेलं दिसतं, पण फाईलच्या आत खोडलेलं जात नाही. मी फॉन्ट चढवायला सांगितलं.

खाली ढीग होता. आम्ही, आम्ही, दोन्ही, हातांनी, यायची, आहे, आहे, आहे, नाही, बाळ. दुरुस्त्यांचे नुसते शब्द, एकाला एक चिकटून. वर्गात कोणाची वही तपासून मी समासात लिहायची तसे. आणि ढिगाच्या वर, हात न लागलेलं, मूळ.

आमी वाळू दोनी हातानी लोटली.
भरती येवाची होती, आमी घाई केली.

तिसऱ्या ओळीच्या सुरुवातीला ‘बाळ’ नव्हतं. तिथं एक नाव होतं.

मुलीचं नाव. तीन अक्षरी, साधं, त्यांच्या गावात घरोघरी असणारं. त्यांनी तिचं नाव ठेवलं होतं. वाटेत ठेवलं असेल, वाळूत ठेवलं असेल, नाहीतर नंतर पाळीवर मशीनसमोर उभं राहून एकट्यानं ठेवलं असेल. बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते. तिथं ना आत्या, ना पाळणा. इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत होते की तिला नाव नाही, आणि शेजारी उभा असलेला माणूस ते नाव तोंडात धरून उठून जात होता. मला मोठ्यानं ओरडावंसं वाटलं की अहो, मला का नाही सांगितलंत. पुढच्याच क्षणी वाटलं, सांगितलं होतं की. टाइप करून, सेव्ह करून, मग मला लागेल म्हणून खोडून.

ते नाव मी इथं लिहिणार नाही. ते त्यांनी खोडलं होतं आणि मला ते तसंच मिळालं, ते आम्हा तिघांतच राहू दे.

माझी कविता कायमची गेली, तिची तिसरी ओळ आता येणार नाही. दुकानदारानं ह्यांच्या कवितेची फाईल दोन ठिकाणी उतरवून दिली, नव्या मराठीत बदलूनही दिली आणि विचारलं, स्पेलिंग ठीक करू का? मी नको म्हणून मान हलवली. मग मी ते नाव मोठ्यानं म्हटलं. एकदा हळू, आणि मग आपण अंगणातून हाक मारतो तसं.

त्यानं दचकून वर पाहिलं, मग दुकानाच्या दाराकडं पाहिलं.

‘‘कोई आया है क्या, मॅडम?’’

‘‘हो,’’ मी म्हटलं. ‘‘आमची मुलगी.’’